e^x/x चं −1 ते 2 इंटिग्रल: भाग बदलले की उत्तर का उडतं, आणि प्रिन्सिपल व्हॅल्यू नक्की कुठली

प्रश्न: ∫ e^x/x dx हे −1 ते 2 मिडपॉइंट रूलने काढतोय. 100 भाग केले की 10.61 येतं, 101 केले की −0.27, 102 केले की 5.17. पुस्तकात प्रिन्सिपल व्हॅल्यू 5.17 दिलीय आणि मित्र म्हणतो हे इंटिग्रल डायव्हर्ज होतं. बरोबर कोण?

उत्तर:

मित्र बरोबर आहे आणि पुस्तकही बरोबर आहे, दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत एवढंच. तुमचा प्रोग्रामही चुकलेला नाही, तिन्ही आकडे त्याने बरोबरच काढलेत, फक्त त्यातला एकच तुम्हाला हवा असलेला आहे. आणि ते 10.61 आणि −0.27 कुठून आले हे एकदा कळलं ना, की प्रिन्सिपल व्हॅल्यू ही काय भानगड आहे ते आपोआप कळतं, म्हणून मी तिथपर्यंत नीट जातो, थोडं लांब होईल.

आधी मित्राचं म्हणणं. x = 0 ला e^x/x फुटतं, तिथे e^x जवळपास 1 आहे म्हणजे फंक्शन 1/x सारखं वागतं. नेहमीच्या व्याख्येत इंटिग्रल आहे असं म्हणायचं तर 0 च्या डावीकडचा तुकडा स्वतंत्रपणे एका आकड्याकडे जायला हवा आणि उजवीकडचाही स्वतंत्रपणे. इथे डावा −∞ ला जातो आणि उजवा +∞ ला. दोन्ही स्वतंत्रपणे फुटले, म्हणजे नेहमीच्या अर्थाने इंटिग्रल नाही, विषय संपला. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

कॉशीने जे केलं ते असं की दोन्ही बाजू स्वतंत्र सोडायच्याच नाहीत. 0 च्या दोन्ही बाजूंना सारखंच ε अंतर कापायचं, −1 ते −ε आणि ε ते 2 ही दोन इंटिग्रलं काढायची, आधी बेरीज करायची आणि मग ε शून्याकडे न्यायचा. ही बेरीज जिथे जाते ती प्रिन्सिपल व्हॅल्यू. क्रम महत्त्वाचा आहे, आधी बेरीज, नंतर लिमिट.

तुमच्याच फंक्शनवर आकडे घालून बघा. ε = 0.01 घेतला तर डावा तुकडा −3.8185 येतो आणि उजवा 8.9722, बेरीज 5.1536. आता ε = 0.0001 घ्या. डावा −8.4138 झाला, उजवा 13.5873. दोन्ही बाजू साधारण 4.6 ने वाढल्या (ln 100 म्हणजे 4.605, तोच तो), पण बेरीज 5.1734, म्हणजे जेमतेम 0.02 ने हलली. ε अजून कितीही लहान करा, दोन्ही बाजू लॉगच्या वेगाने पळतच राहणार आणि बेरीज 5.1736 वर येऊन बसणार. शेवटचं उत्तर 5.173618.

बेरजेत जो फरक राहतो तो पण बघण्यासारखा आहे. ε = 0.01 ला फरक बरोबर 0.02 होता, ε = 0.0001 ला 0.0002. म्हणजे फरक 2ε. हे असंच का, तर e^x = 1 + x + ... यातला 1 म्हणजे 1/x वाला भाग दोन्ही बाजूंनी पूर्ण कटतो, आणि पुढचा x वाला भाग 1/x शी गुणला की नुसता 1 उरतो, तो −ε ते ε या कापलेल्या पट्टीत 2ε इतका असतो. म्हणजे आपण जे कापून टाकलं त्यात खरं सांगायचं तर हरवण्यासारखं फक्त 2ε होतं, बाकी सगळं एकमेकांना मारत होतं.

## कापताना बाजू सारख्या नसल्या तर

हा भाग लोक वाचून सोडून देतात आणि नंतर अडकतात म्हणून थोडा थांबतो. समजा डावीकडे ε कापलं आणि उजवीकडे 2ε. दोन्ही शून्याकडेच जातायत, दिसायला काही फरक नाही. पण उजवीकडे ε ते 2ε एवढी पट्टी जास्तीची गेली, आणि त्या पट्टीत 1/x चं इंटिग्रल ln 2 आहे, ε कितीही लहान असला तरी ln 2 च, कारण ln(2ε) − ln ε मधला ε उडून जातो. म्हणजे पट्टी आकसत शून्य होते पण तिचं योगदान शून्य होत नाही! तर उत्तर 5.1736 − 0.6931 = 4.4805.

सर्वसाधारणपणे उजवीकडे डावीकडच्या k पट कापलं तर उत्तर 5.1736 − ln k. k निवडणं तुमच्या हातात आहे म्हणजे उत्तरही तुमच्या हातात आहे, k जवळपास 177 घेतला तर उत्तर शून्यच करून दाखवता येतं. मित्र जेव्हा डायव्हर्ज म्हणतो तेव्हा त्यामागे नेमकं हेच आहे, दोन्ही बाजूंचं नातं ठरवलं नाही तर उत्तराला काही अर्थ नाही. प्रिन्सिपल व्हॅल्यू म्हणजे k = 1 असं ठरवून टाकणं.

मग व्हेरिएबल बदलला तर k बदलेल का, ही भीती रास्त आहे. x च्या जागी u घेतला, u मध्ये सारखं कापलं, तर x मध्ये ते सारखं राहील का? सिंपल पोल असेल, म्हणजे फंक्शन त्या बिंदूपाशी 1/x सारखं फुटत असेल, आणि सब्स्टिट्यूशन पोलपाशी गुळगुळीत असेल (डेरिव्हेटिव्ह शून्य नाही, दुसरा डेरिव्हेटिव्हही नीट आहे) तर घाबरायचं कारण नाही. उदाहरणार्थ x = u + u² घेतलं तर u मधलं ±ε हे x मध्ये उजवीकडे ε + ε² आणि डावीकडे ε − ε² होतं. सारखं नाही, पण दोघांचं गुणोत्तर 1 कडे जातं, ln k शून्याकडे जातो, उत्तर तेच. उलट डावीकडे x = u आणि उजवीकडे x = 2u असं मोडकं सब्स्टिट्यूशन वापरलं तर गुणोत्तर 2 वर अडकतं आणि ln 2 चा फटका बसतो. पीसवाइज मॅपिंग वापरणाऱ्यांनी पोलवर सांधा येत नाहीये ना हे बघून घ्यावं.

## आता तुमचे तीन आकडे

मिडपॉइंट रूलमध्ये आपण ε वगैरे काही घेत नाही असं वाटतं, पण ग्रिड स्वतःच कापण्याचं काम करते. पोलच्या डावीकडचा सगळ्यात जवळचा पॉइंट आणि उजवीकडचा सगळ्यात जवळचा पॉइंट, यांच्यामधली जागा ग्रिडला दिसतच नाही. प्रश्न एवढाच की पोल त्या जागेच्या बरोबर मध्ये आहे का.

लांबी 3 आहे, भाग N, तर h = 3/N. डाव्या टोकापासून पोल 1 अंतरावर आहे, म्हणजे h मध्ये मोजलं तर N/3 वर. आणि मिडपॉइंट असतात 0.5, 1.5, 2.5 ... वर. N = 102 असेल तर पोल 34 वर, शेजारचे पॉइंट 33.5 आणि 34.5, पोल बरोबर मध्ये, वा. N = 100 असेल तर पोल 33.333 वर आला, उजवीकडचा पॉइंट 33.5 म्हणजे फक्त h/6 अंतरावर, आणि डावीकडचा 32.5 म्हणजे 5h/6 अंतरावर. N = 101 ला बरोबर उलटं, डावीकडचा h/6 वर आणि उजवीकडचा 5h/6 वर.

N = 100 ला पोलजवळचे पॉइंट किती देतात ते हाताने बघा. प्रत्येक पॉइंटचं योगदान h × (1/x). उजवीकडचा x = h/6, योगदान h × 6/h = 6. डावीकडचा x = −5h/6, योगदान −1.2. जोडीची बेरीज 4.8. पुढची जोडी 7h/6 आणि −11h/6, ती 0.857 − 0.545 = 0.31 देते. त्यापुढची 0.11. असं करत करत ही बेरीज 5.44 ला जाते. आणि बघा, h कुठेच उरला नाही. h लहान केला तरी 6 तो 6 च. म्हणून 100 च्या ऐवजी 1000 भाग केले तरी तुम्हाला 10.61 च येणार, 10 लाख केले तरी 10.61, कारण या सगळ्यांना 3 ने भागलं की बाकी 1 च उरते. भाग वाढवले की उत्तर सुधारतं ही जी सवय आपल्याला असते ती इथे पूर्ण फसवते, उत्तर छान स्थिर होतं आणि चुकीच्या आकड्यावर स्थिर होतं.

या बेरजेचं सूत्र ओळखीचं आहे. पोलच्या उजवीकडचा पहिला पॉइंट s·h अंतरावर असेल तर 1/(j+s) ची दोन्ही दिशांनी, जोडीजोडीने केलेली बेरीज π cot(πs) येते. म्हणून

```
मिडपॉइंट बेरीज ≈ PV + f(0) · π · cot(π s)
```

इथे f(x) = e^x, f(0) = 1, PV म्हणजे प्रिन्सिपल व्हॅल्यू. N = 100 ला s = 1/6, cot(30°) = 1.732, गुणिले π म्हणजे 5.4414. 5.1736 + 5.4414 = 10.615. N = 101 ला s = 5/6, cot चं चिन्ह उलट, 5.1736 − 5.4414 = −0.268. N = 102 ला s = 1/2, cot(90°) = 0, राहिला 5.1736. तुमचे तिन्ही आकडे मिळाले.

यावर विश्वास बसत नसेल तर कॅल्क्युलेटर घेऊन N = 3, 4, 5 करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. N = 3 ला पॉइंट −0.5, 0.5 आणि 1.5, फक्त तीन, आणि बेरीज 5.07 येते. तीन पॉइंटमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास! N = 4 ला 10.56, N = 5 ला −0.31. आणि ती cot वाली दुरुस्ती वजा केली की N = 4 चे 5.12 होतात आणि N = 5 चे 5.14. म्हणजे ग्रिड वाकडी बसली तरी सगळं वाया जात नाही, वाकडेपणा किती ते माहीत असेल तर काढून टाकता येतो.

ओळखायचं कसं, तर हेच. N एक एकने बदलत दहा-बारा वेळा चालवा. उत्तरं दोन-तीन ठराविक आकड्यांमध्ये उड्या मारत असतील आणि N मोठा केला तरी उड्या लहान होत नसतील तर इंटर्व्हलच्या आत सिंपल पोल आहे. पोल N/3 सारख्या सोप्या जागी नसून समजा √2 ला असेल तर उड्या ठराविक आकड्यांमध्येही राहत नाहीत, s प्रत्येक N ला वेगळा येतो, cot कधी शून्याजवळ तर कधी हजारात, आणि आउटपुट पूर्ण कचरा दिसतं. कारण तेच आहे. उड्या N बरोबर वाढत असतील तर मात्र पोल सिंपल नाही, दुहेरी किंवा त्याहून वरचा आहे, त्याचं खाली बोलतो.

## प्रत्यक्षात काढायचं कसं

ग्रिड पोलभोवती सिमेट्रिक बसवणं हा एक मार्ग झाला, पोल आधीच माहीत असेल आणि जागा सोपी असेल तर चालतो. पण मी स्वतः जवळजवळ नेहमी पोल वजा करतो. f(x)/(x−c) मधून f(c)/(x−c) काढून घ्या आणि परत मिळवा:

```
PV ∫ f(x)/(x−c) dx = ∫ [f(x) − f(c)]/(x−c) dx + f(c) · ln[(b−c)/(c−a)]
```

(सगळी इंटिग्रलं a ते b.) उजवीकडच्या पहिल्या इंटिग्रलमध्ये पोल उरलाच नाही, अंशही c ला शून्य होतो, तिथली किंमत f'(c) आहे. ते साधं इंटिग्रल, कुठल्याही पद्धतीने काढा. आणि पोलचा सगळा त्रास त्या एका लॉगमध्ये बंद झाला, जो हाताने लिहिता येतो. तो लॉग कुठून आला ते सांगायची गरज नसावी, c ते b आणि a ते c यांच्या लांब्या वेगळ्या असल्या तर सिमेट्रिक भाग पूर्ण कटतो आणि लांब बाजूचं जास्तीचं शेपूट उरतं, त्याचं इंटिग्रल.

तुमच्या उदाहरणात c = 0, लांब्या 2 आणि 1, लॉग ln 2 = 0.6931. उरलेलं इंटिग्रल (e^x − 1)/x चं −1 ते 2, ते 4.4805. बेरीज 5.1736. (वर k = 2 ला पण 4.4805 आलं होतं, गोंधळू नका, तिथे मी मुद्दाम k = 2 घेतला आणि इथे लांब्यांचं गुणोत्तर पण 2 च आहे म्हणून दोन्ही जुळले.)

हाताने पूर्ण तपासता येईल असं एक उदाहरण पण देतो कारण त्यात लपवायला काही नाही. 1/(x² − 1) हे 0 ते 3. पोल x = 1 ला. याला 1/(x+1) भागिले (x−1) असं लिहा, म्हणजे f(x) = 1/(x+1), f(1) = 1/2. वजाबाकी केली तर [1/(x+1) − 1/2]/(x−1) हे सरळ −1/(2(x+1)) होतं, (x−1) कटून गेला. त्याचं 0 ते 3 इंटिग्रल −½ ln 4, म्हणजे −ln 2. लॉगवाला भाग ½ ln(2/1) = ½ ln 2. बेरीज −½ ln 2 = −0.3466. आता अँटिडेरिव्हेटिव्हने पडताळा: ½ ln|(x−1)/(x+1)|, 3 ला ½ ln ½, 0 ला शून्य, वजाबाकी −½ ln 2. जुळलं.

इथे एक प्रश्न हमखास येतो, की अँटिडेरिव्हेटिव्हमध्ये लिमिट टाकून उत्तर आलं तर मग इतका खटाटोप कशाला, पोल आहे हे लक्षातही न घेता विद्यार्थी ln|x| मध्ये 2 आणि −1 टाकून ln 2 लिहितात आणि ते PV शी जुळतं. जुळतं कारण ln|x| च्या अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यूमुळे ln|ε| आणि ln|−ε| एकच असतात, म्हणजे त्या दोन उभ्या दांड्यांमध्ये k = 1 हा करार आधीच बसलाय. विद्यार्थ्याने तो केलेला नसतो, झालेला असतो. हेच आंधळेपणाने 1/x² वर करा, −1/x मध्ये 2 आणि −1 टाका, उत्तर −1.5 येतं. पूर्ण इंटर्व्हलभर पॉझिटिव्ह असलेल्या फंक्शनचं इंटिग्रल निगेटिव्ह! तिथे दोन्ही बाजू +∞ ला जातात, कटायला काही नसतंच.

वजाबाकीच्या पद्धतीत एकच खड्डा आहे, पोलच्या अगदी जवळ f(x) − f(c) मध्ये अंक उडतात. x = 10⁻¹² ला संगणकावर साध्या डबल प्रिसिजनमध्ये (e^x − 1)/x केलं तर 1 च्या ऐवजी 1.0000889 येतं, चारच अंक शाबूत. f = e^x असेल तर e^x − 1 थेट काढणारं `expm1` वापरलं की प्रश्न मिटतो. दुसरं फंक्शन असेल तर c च्या अगदी लगतच्या पॉइंटला टेलर सिरीजचे दोन-तीन टर्म वापरा, म्हणजे f'(c) + f''(c)(x−c)/2 वगैरे.

पायथनमध्ये करायचं असेल तर सायपायमध्ये यासाठी सोय आहे:

```python
import numpy as np
from scipy.integrate import quad

print(quad(np.exp, -1, 2, weight='cauchy', wvar=0)[0])   # 5.1736...

g = lambda x: np.expm1(x)/x if x != 0 else 1.0
print(quad(g, -1, 2)[0] + np.log(2))                     # 5.1736...
```

पहिल्या ओळीत एक चूक फार जण करतात. `weight='cauchy'` दिलं की 1/(x − wvar) तो स्वतः गुणतो, म्हणून फंक्शन e^x द्यायचं, e^x/x नाही. e^x/x दिलंत तर तो e^x/x² सोडवायला बसेल. आणि लिमिट दोन्ही फायनाइट हवीत, अनंतापर्यंत जायचं असेल तर पोलभोवतीचा तुकडा वेगळा करा आणि शेपूट वेगळं काढा.

तिसरा मार्ग दुमडण्याचा, तो हाताने काम करताना मला सगळ्यात आवडतो. पोलभोवती जेवढा सिमेट्रिक तुकडा मावतो तेवढा घ्यायचा, इथे −1 ते 1, आणि x व −x एकत्र करायचे: (e^x − e^(−x))/x, 0 ते 1. हे 2 sinh(x)/x झालं, पोल गायब, सिरीजने 2(1 + 1/18 + 1/600 + 1/35280 + ...) = 2.1145. राहिला 1 ते 2 चा साधा तुकडा, 3.0591. बेरीज 5.1736. दोन्ही बाजू कटतात म्हणजे काय ते इथे डोळ्यांना दिसतं, f चा सम भाग उडतो आणि विषम भाग तेवढा उरतो.

## कुठे चालत नाही

पोल टोकावर असेल, म्हणजे समजा 0 ते 2, तर PV नाहीच. कटायला दुसरी बाजूच नाही. आणि पोल टोकाच्या जवळ सरकत असेल, म्हणजे लॉगमधला c−a शून्याकडे जात असेल, तर PV चा आकडा येतो पण लॉग फुटत जातो, हे पॅरामीटर बदलत ग्राफ काढणाऱ्यांना टोकाला अचानक काटा दिसतो तेव्हा लक्षात येतं. ती चूक नसते, खरंच तसं असतं.

f ला पोलवर उडी असेल, डावीकडे 1 आणि उजवीकडे 3 असं, तर कटणार फक्त 1 आणि उरलेला 2 लॉगने फुटणार. हे उघड आहे. जे उघड नाही ते असं की f नुसतं कंटिन्युअस असणंही पुरत नाही. f(x) = ±1/ln(1/|x|) घ्या, उजवीकडे अधिक, डावीकडे उणे, आणि 0 ला शून्य. कंटिन्युअस आहे, f(0) = 0 पण आहे. पण x ने भागलं की दोन्ही बाजूंना 1/(|x| ln(1/|x|)) येतं, दोन्हीकडे पॉझिटिव्ह, आणि ते ln ln च्या मंद वेगाने फुटतं. इतका मंद की संगणकावर कधी कळणारच नाही. f पोलपाशी डिफरन्शिएबल असेल तर काळजी नाही, आणि त्याहून कमी म्हणजे |f(x) − f(c)| हे |x−c| च्या कुठल्यातरी पॉझिटिव्ह घाताच्या प्रमाणात असेल (होल्डर कंडिशन) तरी चालतं.

1/x³ बद्दल पण विचारलं जातं, तो विषम आहे, सिमेट्रिक कापला तर दोन्ही बाजू कटतातच की. कटतात, पण नुसत्या त्या एका व्हेरिएबलमध्ये. वरचंच x = u + u² घ्या आणि u मध्ये सारखं कापा, आता बेरीज −2/ε सारखी फुटते. सिंपल पोलला ε² चा फरक सहन होतो कारण लॉगला फक्त गुणोत्तर दिसतं, इथे मोठे घात आहेत, त्यांना तो छोटा फरकही दिसतो. त्यामुळे सिंपल पोलच्या वर गेलात की PV हा शब्द वापरू नका, तिथे हाडामार्डचा फायनाइट पार्ट लागतो आणि त्याचे नियम वेगळे आहेत.

आणि PV घ्यायचीच का, हे गणित ठरवत नाही, तुमचा प्रश्न ठरवतो. पोल मुळात रिअल अक्षापासून किंचित बाजूला असेल, म्हणजे 1/(x − iη) आणि η > 0 शून्याकडे जातोय, तर लिमिट PV + iπ f(0) येते. रिअल भाग x/(x² + η²) हा 1/x चाच गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी सारखा कापलेला अवतार आहे म्हणून तिथून PV येते, आणि इमॅजिनरी भागातून π येतो. पोल वरून खाली नेला तर PV तीच राहते, iπ चं चिन्ह बदलतं. म्हणून फिजिक्समधून इंटिग्रल आलं असेल तर आधी बघा की समीकरणात नुसती PV आहे की तो iπ वाला भागही हवाय.

मोजलेल्या डेटावर क्रामर्स–क्रोनिग, म्हणजे रिस्पॉन्सच्या इमॅजिनरी भागावरून रिअल भाग काढणारं PV इंटिग्रल, करणाऱ्यांसाठी वरच्या cot चा थेट उपयोग आहे. तिथे ज्या फ्रिक्वेन्सीला उत्तर हवं ती स्वतः डेटा पॉइंटवरच असते, म्हणजे पोल ग्रिडच्या एका पॉइंटवर बसतो. बरेच जण तो एक पॉइंट वगळून बाकीचे सगळे h स्टेपने घेतात, ते सिमेट्रिक असतं म्हणून मोठी चूक होत नाही, पण पोलजवळ −h ते h मधला h·f'(c) एवढा भाग राहून जातो. त्यापेक्षा एकाआड एक पॉइंट घ्या, म्हणजे c ± h, c ± 3h, c ± 5h, आणि स्टेप 2h धरा. आता पोल दोन पॉइंटच्या बरोबर मध्ये आला, s = 1/2, cot शून्य, आणि तुमच्या N = 102 सारखीच अचूक बेरीज मिळते. पुढच्या फ्रिक्वेन्सीला सम-विषम अदलाबदल करायची. फक्त डेटाचं अंतर सगळीकडे सारखं हवं, नसेल तर आधी इंटरपोलेट करा नाहीतर वजाबाकीची पद्धत घ्या.